अमिनो ॲसिड ‘शेवटी ॲसिडच’ नाही, आणि रात्रभर भिजवून त्याचं प्रोटीनही होत नाही

“शेतकरी बांधवांनो सावधान! अमिनो ॲसिड म्हणजे शेवटी ॲसिडच. फवाऱ्याने पानं जळतात, जमीन आंबट होते. दूध नासलं किंवा वरणात लिंबू पिळलं की प्रोटीन तुटून त्याचं अमिनो ॲसिड होतं, म्हणून पोटात आग पडते. फवारायचंच असेल तर अमिनो ॲसिड रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा, सकाळपर्यंत आपोआप जोडून प्रोटीन तयार होते. मग ते मारा. सर्वांना पाठवा.”

हा मेसेज आमच्या गावाच्या ग्रुपवर दोन महिन्यांत चार वेळा आला. चौथ्या वेळी शेजारचे भाऊ कपाशीवर फवारायची अमिनो ॲसिडची बाटली हातात घेऊनच दारात उभे राहिले. “सर, पऱ्हाटीवर मारू का नोको, सांगा मले. दीड हजाराची बाटली हाय जी.” मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. त्यांना म्हटलं, उद्या कॉलेजात या, बाटलीही घेऊन या. त्या दिवशी प्रयोगशाळेत जे केलं आणि त्यांच्याशी जे बोललो, ते इथे मेसेजच्याच क्रमाने लिहितो.

पहिला घोटाळा नावातच आहे. ‘ॲसिड’ शब्द दिसला की माणूस बॅटरीतलं पाणी आठवतो, पण अमिनो आम्लाच्या रेणूत दोन गट असतात. एक आम्लाचा, कार्बॉक्सिल, COOH. दुसरा अल्काचा, अमिनो, NH₂. आम्लाचं काम हायड्रोजन आयन सोडणं, अल्काचं काम तो उचलणं. इथे देणारा आणि घेणारा एकाच घरात राहतात. त्यामुळे साध्या पाण्यात कार्बॉक्सिल गट आपला हायड्रोजन आयन सोडतो, अमिनो गट एक उचलतो, आणि रेणूचं रूप असं होतं:

H₃N⁺–CH₂–COO⁻

हे ग्लायसिन, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. डाव्या टोकाला धन भार, उजव्याला ऋण, बेरीज शून्य. अशा दोन्ही भार अंगावर बाळगणाऱ्या आयनाला झ्विटरआयन म्हणतात. पाठ्यपुस्तकात ग्लायसिन H₂N–CH₂–COOH असं छापलेलं असतं आणि विद्यार्थी तेच पाठ करतात. पाण्यात मात्र त्या भाररहित रूपाचा रेणू साधारण दोन लाखांत एक सापडतो. पुस्तकातलं ते सूत्र अणू मोजायला बरोबर आहे, वागणूक समजायला चुकीचं. मेसेज लिहिणाऱ्याची चूक नेमकी इथे सुरू होते.

भाऊंसमोर दोन चंचुपात्रं ठेवली. एकात 100 मिलिलिटर पाण्यात 0.75 ग्रॅम ग्लायसिन. दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात 0.6 ग्रॅम ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. वजनं वेगळी घेतली, कारण त्यामुळे दोन्हींत रेणूंची संख्या सारखी येते. पीएच कागद बुडवला. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप: सात मध्य, आकडा त्याच्या जितका खाली तितकं आम्ल जास्त, वर गेला तर अल्क. व्हिनेगरच्या पात्रात तो तीनच्या आसपास लाल-नारिंगी झाला. ग्लायसिनच्या पात्रात सहाजवळ थांबला, नळाच्या पाण्यापेक्षा थोडा पिवळसर, इतकंच. पीएचचा एक आकडा म्हणजे दहा पट, म्हणून तीन आकड्यांचं अंतर हजार पटीचं होतं. रेणू तितकेच, कार्बॉक्सिल गट तितकेच, तरी मोकळे हायड्रोजन आयन हजारपट कमी. मग चिमूटभर कोरडं ग्लायसिन त्यांना दाखवलं. साखरेसारखे पांढरे स्फटिक. 1820 साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने जिलेटिन सल्फ्युरिक आम्लात उकळून ते पहिल्यांदा काढलं, तेव्हा त्याला ती साखरच वाटली, कारण चव गोड होती. ग्लायसिन हे नावही ग्रीक भाषेतल्या ‘गोड’ या शब्दावरून आलं.

झ्विटरआयनची आणखी एक खूण या स्फटिकांतच आहे. ॲसेटिक आम्लाचा रेणू ग्लायसिनच्या रेणूपेक्षा थोडाच हलका, पण ते सुमारे 17 अंशांना वितळतं. नागपूरच्या थंडीत बाटलीत गोठून बसतं. ग्लायसिन मात्र 230 अंशांच्या पुढे जाईपर्यंत वितळत नाही, आणि तिथेही नीट न वितळता करपून विघटित होतं. एका रेणूचं धन टोक शेजारच्याच्या ऋण टोकाला धरून बसतं, मिठाच्या खड्यात आयन बसतात तसं. मिठासारखंच ते पाण्यात छान विरघळतं आणि ईथरमध्ये जवळपास विरघळत नाही.

आता आकडे थोडे जवळून पाहू, कारण मेसेजचा दुसरा मुद्दाही यावरच सुटतो.

ग्लायसिन तीव्र आम्लात टाकलं तर बाहेर हायड्रोजन आयनांची इतकी गर्दी असते की कार्बॉक्सिल गटही आपला आयन परत घेतो. रेणूवर फक्त धन भार उरतो. आता थोडा थोडा अल्क घालत जा. पीएच 2.34 ला पोचतो तेव्हा बरोबर निम्म्या रेणूंच्या कार्बॉक्सिल गटांनी आयन सोडलेला असतो. पुढे बराच वेळ झ्विटरआयनचंच राज्य असतं. पीएच 9.60 ला अमिनो बाजूच्या निम्म्या रेणूंनीही आपला आयन सोडलेला असतो, आणि त्याच्या बरंच पुढे सगळे रेणू ऋण भाराचे होतात. या दोन टप्प्यांच्या बरोबर मध्ये जो पीएच येतो, तो असा:

(2.34 + 9.60) ÷ 2 = 5.97

यालाच ग्लायसिनचा समविद्युत बिंदू, म्हणजे आयसोइलेक्ट्रिक पॉइंट म्हणतात. या पीएचला दर दहा हजारांत दोन-अडीच रेणू निव्वळ धन आणि तेवढेच निव्वळ ऋण असतात, बाकी सगळे झ्विटरआयन. हिशोब शून्य, म्हणून विजेच्या दोन अग्रांमध्ये ठेवलं तर ग्लायसिन कुठल्याच अग्राकडे सरकत नाही. ‘समविद्युत’ म्हणजे भार नाहीत असं मुळीच नाही. भार आहेत, जमा-खर्च सारखा आहे. दर वर्षी उत्तरपत्रिकांत हा गोंधळ दिसतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

मेसेजमध्ये खरं किती, तेही सांगितलं पाहिजे. सगळी अमिनो आम्लं ग्लायसिनसारखी सौम्य नसतात. ग्लुटामिक आम्लाच्या शेपटीला, म्हणजे मधल्या कार्बनवरून लोंबणाऱ्या भागाला, आणखी एक कार्बॉक्सिल गट आहे. त्याचा समविद्युत बिंदू 3.2 च्या आसपास येतो, आणि ते पाण्यात टाकलं तर पाणी खरंच आंबट होतं. उलट लायसिनच्या शेपटीला जादा अमिनो गट आहे. त्याचा बिंदू 9.7 जवळ, म्हणजे ते अल्काकडे झुकतं. बाटलीत अशा अनेक अमिनो आम्लांची सरमिसळ असते, शिवाय प्रथिन तोडताना वापरलेल्या आम्ल-अल्काचे क्षारही उरलेले असू शकतात. म्हणून नावावरून काही ठरवू नये, बाटलीतलं द्रावण मोजावं. भाऊंच्या बाटलीतलं औषध लेबलवर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून कागद बुडवला, तर पाच आणि सहाच्या मध्ये आला. पावसाचं स्वच्छ पाणीही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून साधारण तेवढंच असतं.

मग पानं जळतात ती कशाने? जळतात, हे मी नाकारत नाही. प्रमाणापेक्षा दाट फवारलं, किंवा दुपारच्या उन्हात फवारलं, की पानावरचं पाणी उडून जातं आणि क्षार दाट होऊन बसतात. युरिया जास्त झाल्यावर कडा करपतात, तसाच प्रकार. दुसरं कारण संत्र्यावाल्यांनी नीट लक्षात घ्यावं असं आहे, ते शेवटी सांगतो, कारण त्याचा पुरावा एका परीक्षानळीत आपसूक समोर आला.

जमिनीचं उत्तर थोडक्यात देता येतं. एका एकराला अर्धा लिटर औषध गेलं, त्यात वीस टक्के अमिनो आम्ल आहे आणि ते सगळं ग्लायसिन आहे असं धरू. म्हणजे 100 ग्रॅम, साधारण 1.33 मोल. समजा प्रत्येक रेणूने एकेक हायड्रोजन आयन जमिनीत सोडलाच. खरं तर ग्लायसिन स्वतः तो सोडत नाही, पण जमिनीतले जिवाणू त्यातल्या नायट्रोजनचं नायट्रेट करतात तेव्हा जवळपास तेवढंच आम्ल तयार होतं, म्हणून ही धारणा अगदीच वावगी नाही. एवढं आम्ल मारायला चुनखडी लागते 67 ग्रॅम, मूठभर. एका एकराच्या वरच्या वीतभर मातीचं वजन नऊ लाख किलोच्या घरात जातं. आपल्या काळ्या मातीत चुनखडी फक्त एक टक्का धरली तरी ती नऊ हजार किलो होते. विदर्भातल्या बहुतेक काळ्या जमिनीचा पीएच सातच्या वरच असतो, खड्यांची चुनखडी नांगरटीत डोळ्यांना दिसते. मूठभर चुनखडी खर्ची पडल्याने तिथे काहीही हलत नाही.

आता दूध. या मुद्द्याला मी जास्त वेळ दिला, कारण आमच्याकडे आजारी माणसाला, बाळंतिणीला ‘फाटलेलं नको’ म्हणून ताक-दही तोडलं जातं आणि कारण म्हणून असे मेसेज दाखवले जातात.

दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. प्रथिन म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची साखळी. साखळीत अडकल्यावर प्रत्येक अमिनो आम्लाचे मूळचे दोन गट जोडणीत खर्च होतात, भार उरतो तो साखळीच्या दोन टोकांवर आणि शेपटीवरच्या गटांवर. केसीनमध्ये ग्लुटामिक आम्ल भरपूर आणि फॉस्फेटचे गटही आहेत, म्हणजे ऋण भार वाहणारे जास्त. म्हणून त्याचा समविद्युत बिंदू खाली, 4.6 ला येतो. ताज्या दुधाचा पीएच 6.6 च्या आसपास. तिथे केसीनच्या कणांवर निव्वळ ऋण भार असतो, ऋण-ऋण एकमेकांना दूर लोटतात, कण तरंगत राहतात, दूध दूध राहतं. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात किंवा आपण लिंबू पिळतो, तसा पीएच उतरत जातो. 4.6 ला जमा-खर्च बरोबर होतो, दूर लोटणारं बळ संपतं आणि कण एकमेकांना चिकटतात. दूध फाटतं ते असं. यात साखळीतली एकही कडी तुटत नाही.

हे बोलून पटत नाही, दाखवावं लागतं. साय काढलेलं कोमट दूध घेतलं, थेंब थेंब लिंबाचा रस घालत गेलो. काही वेळ काहीच होत नाही, मग पेल्याच्या कडेला बारीक रवा दिसू लागतो, आणि पुढच्या काही थेंबांत पांढरे गोळे खाली आणि हिरवट-पिवळं पाणी वर. कागद चार आणि पाचच्या मध्ये आला. साधा कागद 4.6 दाखवू शकत नाही, त्याला यंत्र लागतं, पण कामापुरतं कळतं. तो छेना फडक्यात गाळून पाण्याने धुतला, पेल्यात घेतला, वर चिमूटभर खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून घातला आणि ढवळलं. थोडा फेस आला, उरलेलं आम्ल सोड्याशी लढलं. पाच-दहा मिनिटांत गोळे विरत गेले आणि पेल्यात पुन्हा दुधाळ पांढरं, थोडं चिकट द्रावण झालं. सोड्याने पीएच आठच्या आसपास नेला, केसीनला ऋण भार परत मिळाला, कण पुन्हा एकमेकांपासून सुटले. परत लिंबू पिळलं, परत गोळे. भाऊ म्हणाले, “हे तं जसंच्या तसं परत आलं नं बाप्पा.” साखळी तुटून सुटी अमिनो आम्लं झाली असती, तर सोड्याने दुधाळ रंग परत आला नसता आणि दुसऱ्यांदा गोळेही झाले नसते. घरी करायचं असेल तर दूध सायीचं नको आणि उकळतं नको. उकळत्या दुधात दुसरी प्रथिनंही केसीनला चिकटून बसतात, मग गोळे पुरते विरत नाहीत आणि माणूस म्हणतो प्रयोग खोटा.

साखळी खरोखर तोडायची तर काय लागतं, तेही ऐका. प्रयोगशाळेत प्रथिनातली अमिनो आम्लं मोजायची असतात तेव्हा ते 6 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, बंद नळीत, 110 अंशांना, 24 तास ठेवतात. वरणावर अर्धं लिंबू पिळणं हे त्याच्या जवळपासही जात नाही. पोटात साखळी तुटते ती पेप्सिनसारख्या विकरांमुळे, आणि ती तुटायलाच हवी. न तोडता प्रथिन आतड्यातून अंगी लागत नाही. पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल तर लिंबापेक्षाही तीव्र, आणि ते जठराच्या भिंतीतल्या पेशी तयार करतात, वरणातलं प्रथिन नाही. कुणाला आंबट सोसत नसेल तर त्याने लिंबू टाळावं, पण त्यासाठी वरणाच्या प्रोटीनवर आळ घ्यायचं कारण नाही.

राहिला रात्रभर भिजवण्याचा सल्ला. तो बिनधोक वाटतो, म्हणून जास्त पसरतो.

दोन अमिनो आम्लं जोडतात ती अशी. एकाचा कार्बॉक्सिल गट OH सोडतो, दुसऱ्याचा अमिनो गट H सोडतो, दोन्ही मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि उरलेले कार्बन-नायट्रोजन एकमेकांना धरतात. तो –CO–NH– म्हणजे पेप्टाइड बंध. ग्लायसिनचं रेणूवजन 75. दोन ग्लायसिन 150, त्यातून पाण्याचे 18 गेले, ग्लायसिलग्लायसिन 132. कागदावर हे दोन ओळींत होतं, म्हणूनच ‘आपोआप’ हा शब्द सुचत असावा.

पण जोडणी होण्यासाठी नायट्रोजनने आपली मोकळी इलेक्ट्रॉन जोडी कार्बनवर टाकायची असते. झ्विटरआयनमध्ये ती जोडी मोकळी राहतच नाही, ती जादा हायड्रोजन आयन धरण्यात गुंतलेली असते, NH₃⁺. समोरच्या कार्बनला इलेक्ट्रॉनची ओढ असायला हवी, तर COO⁻ मध्ये आधीच ऋण भार पसरलेला, त्याला नवे इलेक्ट्रॉन नकोच असतात. दोन्ही बाजूंनी दार बंद. अल्क घालून अमिनो गट मोकळा करावा तर कार्बॉक्सिल ऋणच राहतो. आम्ल घालून कार्बॉक्सिल सुधारावा तर अमिनो पुरता बांधला जातो. पीएच कुठेही न्या, एक तरी दार बंदच राहतं. ज्या गुणामुळे ग्लायसिन व्हिनेगरसारखं आंबट नाही, त्याच गुणामुळे ते पाण्यात आपल्या भावंडाशी जोडलं जात नाही.

त्यावर आणखी एक अडचण, पाण्याची. जोडणीत पाणी बाहेर पडतं, आणि बादलीत तर सगळं पाणीच. हा उतार उलट्या दिशेचा आहे. ग्लायसिनच्या मघाच्या द्रावणात अनंत काळ वाट पाहिली आणि समतोल आला, तरी हजार रेणूंमागे एकही जोडी भरत नाही. त्या समतोलाला पोचायलाही रात्र पुरत नाही. पेप्टाइड बंध साध्या तापमानाच्या, साध्या पाण्यात विकराशिवाय तुटायलाच शेकडो वर्षं घेतो, आणि विकर नसताना बनण्याची वाट त्याहून सोपी नाही. शिवाय ग्लायसिन आणि ॲलानिन ही दोन अमिनो आम्लं एकत्र ठेवली तर जोड्या चार प्रकारच्या होऊ शकतात: ग्लायसिन पुढे ॲलानिन मागे, त्याच्या उलट, आणि स्वतःच्या स्वतःशी दोन. पहिल्या दोन जोड्यांचं वजन एकच, पण पदार्थ वेगळे. कोणती हवी ते पाण्याला कोण सांगणार?

तपासायला आम्ही बायुरेट चाचणी केली. द्रावणाचे दोन मिलिलिटर, तेवढंच दहा टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, त्यात मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या सल्फेटच्या, एक टक्का द्रावणाचे दोन-तीन थेंब. पेप्टाइड बंध असतील तर तांब्याचा आयन त्यांच्या नायट्रोजनांमध्ये अडकून जांभळा रंग देतो. सोडियम हायड्रॉक्साइड कातडी खातं, म्हणून हे घरी करू नये. मोरचूद जास्त पडलं तर निळा साका होऊन जांभळा झाकला जातो, ही नेहमीची चूक.

चार नळ्या लावल्या. पहिलीत सोड्यात विरघळवलेला छेना: जांभळा, म्हणजे लिंबानंतरही बंध शाबूत. दुसरीत ग्लायसिन आणि ॲलानिनचं ताजं द्रावण: गडद निळा. तिसरीत तेच द्रावण रात्रभर ठेवून सकाळी: तोच गडद निळा. चौथीत भाऊंच्या बाटलीतलं औषध: फिकट जांभळट, आणि इथे भाऊ म्हणाले, “पाहा, प्रोटीन तं हाय!” आहे, पण ते भिजवून झालेलं नाही. अशी औषधं बहुधा प्रथिन तोडूनच बनवतात, त्यात न तुटलेले छोटे तुकडे राहतात. म्हणून रात्री एक आणि सकाळी एक अशा दोन नळ्या शेजारी धराव्या लागतात. आम्ही धरल्या, रंगात फरक नव्हता. या चाचणीची एक मर्यादा सांगतो: जांभळा यायला किमान दोन पेप्टाइड बंध लागतात, म्हणजे फक्त दोघांची जोडी बनली असती तर नळीने ती पकडली नसती. तिथे वरचा समतोलाचा हिशोब कामाला येतो.

मग झाडात, आपल्या अंगात प्रथिन बनतं कसं? पेशी कार्बॉक्सिलचं बंद दार आधी पैसे भरून उघडते. एटीपी नावाच्या रेणूची ऊर्जा खर्चून ती कार्बॉक्सिल गटाला चढ्या ऊर्जेच्या अवस्थेत नेते, मग ते अमिनो आम्ल टीआरएनए नावाच्या वाहकावर बसवते, आणि रायबोसोम त्या वाहकांना शेजारी आणून नायट्रोजनचा वार बरोबर कार्बनवर पडेल असं धरतो. क्रम कोणता, ते जनुकाचा निरोप सांगतो. या रायबोसोमची अणूअणूची रचना उलगडल्याबद्दल 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यांतले एक तमिळनाडूत जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन. प्रयोगशाळेतही हाच मार्ग आहे: नको तो गट झाकायचा, हवा तो कार्बॉक्सिल चेतवायचा, जोडायचं, मग झाकण काढायचं. एमिल फिशरने 1901 मध्ये ग्लायसिलग्लायसिन बनवलं तेही दोन ग्लायसिन पाण्यात सोडून नाही. त्याने दोघांचं बंदिस्त वलय घेतलं आणि ते एका बाजूने उघडलं.

भिजवलेल्या बादलीत रात्रभरात खरं काय होतं, ते नाकाला कळतं. अमिनो आम्ल जिवाणूंचं आवडतं खाद्य. आपल्याकडच्या उकाड्यात द्रावण सकाळी गढूळ होतं, वास मारतं, कधी अमोनियाचा भपका येतो. म्हणजे जोडणी तर नाहीच, होतं तेही मोडायला लागलेलं असतं. मिसळल्यावर लगेच फवारावं.

आता ती राहिलेली गोष्ट. दुसऱ्या नळीतला निळा रंग मोरचुदाच्या साध्या आकाशी रंगापेक्षा कितीतरी गडद होता. ग्लायसिनचा नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून तांब्याला चिमट्यात धरतात, त्याचा तो रंग. एरवी अल्कात तांबं साका होऊन खाली बसायला हवं होतं, इथे ते विरघळलेलं राहिलं. बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचुदाच्या बुरशीनाशक फवाऱ्यात, चुना घालतो तो तांबं न विरघळणाऱ्या रूपात पानावर बसून राहावं म्हणून, मोकळं तांबं पान जाळतं. त्यात अमिनो आम्ल मिसळलं तर तेच चुन्याने बांधलेलं तांबं पुन्हा विरघळतं आणि पानात शिरतं. वरुड-मोर्शीकडे एकाच पंपात दोन्ही टाकून वेळ वाचवणारे मी पाहिले आहेत, आणि नंतर पानांवर तपकिरी डाग घेऊन येणारेही. भाऊंनी बाटली फिरवून लेबल उजेडात धरलं. खालच्या बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं: ताम्रयुक्त औषधांसोबत मिसळू नये. त्यांच्या बांधावर संत्र्याची चाळीस झाडं आहेत, आणि आदल्या आठवड्यात त्यांच्यावर बोर्डो मारलेलं होतं. “मंग पऱ्हाटीवर आज मारतो, पंप धुऊन,” ते म्हणाले, आणि बाटली पिशवीत टाकली.